घरमालकाला पहिला मेसेज: एका वहीतले पाच खर्डे

मुंबईत पहिल्यांदा भाड्याने घर घेतलं तेव्हा मी एक वही ठेवली होती. रोजनिशी म्हणावी इतकी ती शिस्तीची नाही, अर्ध्या पानांवर दुधाचा आणि रिक्षाचा हिशेब आहे. पण मधली सहा-सात पानं एकाच मेसेजवर खर्ची पडली आहेत. आमच्या लॅबमध्ये नवीन लागलेल्या मुली "मालकाला पहिल्यांदा काय लिहू?" असं विचारतात, तेव्हा मी तीच पानं पुढे करते. इथेही तीच देते आहे, फक्त मध्ये मध्ये आजच्या अकलेने टिपणं घातली आहेत.

सोमवार, रात्री 12

डोंबिवलीला मामीकडे सात महिने झाले. दुसऱ्या पाळीहून परळहून निघायलाच दहा वाजतात, घरी पोचेपर्यंत साडेअकरा. मामी ताट झाकून जागी बसते. काही बोलत नाही, तेच जास्त लागतं.

आज लॅबमधल्या एका सीनियर बाईंनी नंबर दिला. मुलुंड पूर्व, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत, वन रूम किचन, दुसरा मजला, लिफ्ट नाही. भाडं 22,000, डिपॉझिट 60,000. ब्रोकर नाही. मालक रिटायर्ड, राहायला दादरला. "चांगले आहेत, पण चौकस आहेत," असं म्हणाल्या.

नंबर 'मुलुंड घर' या नावाने सेव्ह केला. डीपीत निळा शर्ट, मागे घरचा गणपती. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांसारखे दिसतात, म्हणून असेल, पण पहिला खर्डा असा झाला:

"आदरणीय महोदय, सविनय नमस्कार. आपल्या मालकीची मुलुंड (पूर्व) येथील सदनिका भाडेतत्त्वावर देणे असल्याचे समजले. तरी सदर सदनिकेबाबत सविस्तर माहिती मिळावी, ही नम्र विनंती. कळावे, आपली विश्वासू."

रजेचा अर्ज वाटतोय. पाठवला नाही.

*आजचं टिपण.* खर्डा वाईट होता तो भाषेमुळे कमी आणि रिकामा असल्यामुळे जास्त. त्यात मी कोण, किती जणी, कधीपासून, यातलं काहीच नाही. भाडं आणि डिपॉझिट मला आधीच माहीत होतं, तरी "सविस्तर माहिती" मागितली होती. म्हणून पहिली पायरी लिहिण्याची नव्हेच. आधी कागदावर सहा उत्तरं मांडा: नंबर कुणाकडून मिळाला, राहणार कोण आणि किती, नोकरी कुठे आणि तिच्या वेळा काय, कधीपासून हवं, साधारण किती काळासाठी, आणि घर बघायला कोणत्या दिवशी येऊ शकता. ब्रोकर असता तर ही सहा उत्तरं त्याने फोनवर एका दमात सांगितली असती आणि त्याबद्दल साधारण महिन्याभराचं भाडं घेतलं असतं. थेट मालकाशी बोलायचं म्हणजे ते 22,000 वाचतात, पण त्याचं काम आपल्याला करावं लागतं.

मंगळवार, दुपारची लोकल

उभ्याने लिहितेय, अक्षर वाकडं आहे. काल फार विचार केला म्हणून आज मुद्दाम सोपं लिहिलं, "हाय काका, फ्लॅट आहे का अजून?" आणि घाटकोपरला धक्का बसला की काय, बोट सेंडवर पडलं. वाचून अंगावर काटाच आला. कोण मी, कुठला फ्लॅट, आणि काका कशाला? वीसेक सेकंदांत सगळ्यांसाठी डिलीट केला.

आता त्यांच्याकडे दिसत असेल, हा मेसेज डिलीट केला आहे. अनोळखी नंबर, वर डिलीट केलेला मेसेज. शाब्बास.

मंगळवार, डबा खाताना

त्यांचं उत्तर आलं. एकच शब्द. "कोण?"

घास गिळेना. सीनियर बाई म्हणाल्या, आधी उत्तर दे, मग जेव. त्यांनीच सांगितलं तसं लिहिलं:

"नमस्कार. मुलुंडच्या घराबद्दल लिहायचं होतं, चुकून अर्धाच मेसेज गेला. आत्ता ड्यूटीवर आहे, उद्या सकाळी नीट लिहिते."

त्यावर "ओके."

*आजचं टिपण.* मालकाच्या चॅटमध्ये खर्डा करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो, तिथे लिहा, वाचा आणि मग उचलून टाका. चूक झालीच तर डिलीट करण्यापेक्षा एडिट करा. मेसेज गेल्यानंतर 15 मिनिटांपर्यंत तो बदलता येतो आणि वर फक्त 'एडिटेड' एवढंच दिसतं. डिलीट केल्याची खूण मात्र राहते, आणि चौकस माणसाला ती खूण मजकुरापेक्षा जास्त सतावते.

काका की सर? माझं मत असं की पहिल्या मेसेजला दोन्ही नकोत. "नमस्कार" आणि पुढे "तुम्ही" पुरतं. काका म्हणून सुरुवात केली की पुढे भाड्यातले पाचशे रुपये कमी करा म्हणताना आपणच अडकतो, आणि सर म्हटलं की शेवटपर्यंत पेशंटसारखं बोलणं होतं. समोर भेटल्यावर काका आपोआप येतं. मालकीणबाई असतील तर काकू म्हणण्याची घाई तर अजिबात नको, त्या पंचेचाळिशीच्या निघाल्या तर पंचाईत.

मंगळवार, रात्री 1

उद्या सकाळी लिहिते म्हटलं आहे. तिसरा खर्डा चौदा ओळींचा झाला. बाबा चिपळूणला एसटीत होते इथपासून सुरुवात. मग मी निर्व्यसनी आहे, मित्र येत नाहीत, घर स्वच्छ ठेवते, देवपूजा करते (हे खोटं आहे). शेवटी प्रश्न: पाणी किती वाजता येतं, गीझर आहे का, मेंटेनन्स भाड्यातच का, रंग कधी दिला, वायफाय लावू देता का, आणि भाडं 20,000 होईल का.

रूममेट होऊ घातलेली मैत्रीण झोपेतून उठून वाचते आणि म्हणते, "ही स्थळाची माहिती आहे का?"

*आजचं टिपण.* बरोबर बोलली. घर बघितलेलंच नसताना भाड्याची घासाघीस करणं म्हणजे भाजी न बघता "कितीला देणार?" विचारणं. भाडं, रंग, गीझर हे सगळं घर बघितल्यानंतरचं. तेव्हा आपल्या हातात काहीतरी असतं, म्हणजे भिंतीची ओल, तुटलेली कडी, गळका नळ. पाण्याची वेळही तिथेच विचारा, आणि मालकापेक्षा वॉचमनला किंवा शेजारच्या बाईंना विचारा. पहिल्या मेसेजला एकच प्रश्न पुरे, घर बघायला कधी येऊ?

आणि स्वतःला दिलेली प्रमाणपत्रं काढून टाका. "मी निर्व्यसनी आहे" असं वाचलं की माणूस व्यसनांचाच विचार करायला लागतो.

बुधवार, सकाळी 8

चौथा खर्डा छान झाला आहे. नाव, नोकरी, दोघी जणी, एक तारखेपासून, शनिवारी बघायला येऊ. सहा ओळी.

मैत्रीण म्हणते, शिफ्टचं लिही. मी म्हणते, नको. लॅबमध्ये आम्हाला आळीपाळीने दुसरी पाळी आणि रात्रपाळी असते. रात्री सव्वाअकराला घरी येणाऱ्या किंवा रात्रभर बाहेर असणाऱ्या दोन एकट्या मुली, हे वाचून कुठला मालक पुढे बोलेल? आधी घर तर मिळू दे, मग हळूहळू कळेलच.

ती म्हणाली, "हळूहळू नाही कळणार. पहिल्याच रात्री वॉचमन कळवेल."

मग अर्धा तास भांडण. माश्यांवरूनही झालं. ती म्हणते सोसायटीत काही घरं शाकाहारी असतील. मी म्हणते, चिपळूणच्या माणसाने सुकट कुठे लपवायची.

*आजचं टिपण.* ही या वहीतली सगळ्यात कामाची जागा. काय सांगायचं आणि काय नाही, याची माझी फूटपट्टी तेव्हापासून अशी आहे. जी गोष्ट राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात जिन्यातल्या कुणालाही दिसणार, ऐकू येणार किंवा वास येणार आहे, ती पहिल्या मेसेजमध्ये जाते. रात्रीची येजा, माणसांची संख्या, मांसाहार, मांजर, घरी शिकवण्या घेणं, तबल्याचा रियाज. जी दिसणार नाही, म्हणजे पगाराचा आकडा, लग्न कधी करणार, मागचं घर का सोडलं, ती मालकाने विचारली तर बघू.

लपवण्याचा तोटा कसा होतो तेही सांगते. नकार मेसेजवर आला तर तुमचा एक दिवस जातो. तोच नकार टोकन दिल्यावर, सामान बांधल्यावर आला तर टोकनही अडकतं आणि एक तारीखही हुकते. आमच्या ओळखीत एकीने दोघी राहणार सांगून तिसरी आणली. सेक्रेटरीने मालकाला फोन केला, आणि पुढचे दोन महिने डिपॉझिटचं रडगाणं चाललं.

आडनाव लिहायचं का, हाही प्रश्न मला विचारतात. आडनावावरून जात-धर्म हुंगणारे मालक या शहरात आहेत, हे मी नाकारणार नाही. तरी पूर्ण नाव लिहा. करारासाठी आधार आणि पॅन द्यावं लागतंच, आणि ज्याला नावावरून नाही म्हणायचंय त्याच्या जिन्यात चढण्याची दगदग तरी वाचते.

बुधवार, सकाळी 11

पाठवला. पाचवा खर्डा. इथे उतरवून ठेवते:

"नमस्कार. मी (पूर्ण नाव). मुलुंडच्या वन रूम किचनसाठी लिहिते आहे, तुमचा नंबर परळच्या लॅबमधल्या आमच्या सीनियर मॅडमनी दिला.

आम्ही दोघी राहणार, दोघीही त्याच लॅबमध्ये टेक्निशियन आहोत. महिन्यातले काही दिवस दुसरी पाळी असते, तेव्हा रात्री सव्वाअकरापर्यंत घरी येतो. काही दिवस रात्रपाळी असते. दोघी मासे खातो.

भाडं 22,000 आणि डिपॉझिट 60,000 असं कळलं, ते आम्हाला जमेल. एक तारखेपासून, निदान दोन वर्षांसाठी हवं आहे.

शनिवारी सकाळी 10 नंतर किंवा रविवारी कधीही घर बघायला येऊ शकतो. तुम्हाला कधी सोयीचं?"

कालच्या डिलीटबद्दल माफी मागायची राहिली. मैत्रीण म्हणते, मागू नकोस, ते विसरले असतील.

*आजचं टिपण.* पहिली ओळ अशी का, ते बघा. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. तिथे नाव आणि 'मुलुंड' दिसलं की माणूस उघडतो. नुसतं "नमस्कार, कसे आहात?" दिसलं तर पॉलिसी विकणारा समजून बाजूला सारतो. नंबर कुणी दिला ते त्याच ओळीत, कारण मालक पहिला फोन तुम्हाला नव्हे, त्या माणसाला करतो. आमच्या बाबतीत तसंच झालं.

भाड्याचा आकडा आपणच पुन्हा लिहायचा. जुना आकडा फिरत असेल तर तिथेच दुरुस्त होतो. "जमेल" हा शब्दही मुद्दाम आहे, "मान्य आहे" लिहिलं की घासाघीशीचं दार बंद होतं. वेळ मात्र 11, दुपारची झोप आणि सकाळची पूजा दोन्ही टाळून. रात्री दहानंतर पहिला मेसेज पाठवून "आम्ही रात्री उशिरा येतो" असं सांगू नये, एवढी अक्कल तेव्हाही होती.

बुधवार, संध्याकाळी

निळ्या टिका साडेअकराला. उत्तर नाही. चार वाजता सीनियर बाई सांगत आल्या, "तुमची चौकशी झाली."

सव्वापाचला फोन. उचलताना चक्क उभी राहिले.

शिफ्टवर ते अडलेच नाहीत! म्हणाले, "सोसायटीचं मेन गेट अकराला बंद होतं. वॉचमन झोपतो. सव्वाअकराला तुम्ही बाहेर उभ्या राहणार का? मी सेक्रेटरींशी बोलून छोट्या गेटची चावी मागतो." माश्यांचं म्हणाले, "मला चालतं. समोरच्या दारी चालत नाही. तळा, पण सुकट भाजू नका."

कालच्या डिलीटचं विचारलंच. "काय लिहिलं होतं?" मी खरं सांगितलं. हसले असावेत, फोनवर नीट कळलं नाही.

*आजचं टिपण.* मालक खोटा असेल तर बोलणं याच टप्प्यावर वाकडं जातं. खरा मालक तुमची चौकशी करतो, कारण घर त्याचं आहे. फसवणाऱ्याला तुमच्या पाळीशी काही देणंघेणं नसतं. तो म्हणतो मी बाहेरगावी आहे, अजून तिघं मागे लागलेत, घर बघण्याआधी टोकन टाका, नाहीतर गेटपासचे पैसे भरा, ते परत मिळतील. फोटो सुंदर आणि भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी असतं. घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. आणि टोकन देण्याआधी सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल किंवा खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू, मागायचा, त्यावरचं नाव आणि समोरच्याचं आधारवरचं नाव जुळवायचं. लाइट बिलावर विसंबू नका, ते पुष्कळदा जुन्या मालकाच्या नावावर चालू असतं. हे मागताना संकोच वाटतो. "करारासाठी लागेल, तर फोटो पाठवाल का?" असं म्हटलं की वाटत नाही.

शनिवार, दुपारी

घर बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला, ओटा लहान. गीझर आहे, चालत नाही. बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही, दोरा बांधलाय. पाणी सकाळी सहा ते आठ, हे तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं. काका (म्हणजे आता काकाच) म्हणाले, सगळं करून देतो.

घरी येऊन दुसरा मेसेज लिहिला. हा एका खर्ड्यात झाला:

"काका, घर आवडलं. बोलणं झालं ते लिहून ठेवते, काही चुकलं असेल तर सांगा. भाडं 22,000, मेंटेनन्स त्यातच. लाइट बिल आमचं. डिपॉझिट 60,000, त्यातले 5,000 आज टोकन, उरलेले कराराच्या दिवशी. करार 11 महिन्यांचा, रजिस्टर्ड, खर्च निम्मा-निम्मा. सोडायचं झालं तर दोन्हीकडून एक महिन्याची नोटीस. आम्ही यायच्या आधी गीझर आणि बाथरूमची कडी. छोट्या गेटची एक चावी."

*आजचं टिपण.* पहिल्या मेसेजइतकाच हा महत्त्वाचा, आणि बहुतेक जणी तो लिहीतच नाहीत. तोंडी "करून देतो" म्हटलेलं करार होईपर्यंत विरून जातं.

कराराबद्दल दोनच गोष्टी. कुणी म्हणेल 11 महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही, नोटरी पुरे. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झालेली नसेल आणि वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे रजिस्ट्रेशन मालकाच्याही सोयीचं. हे भांडून सांगायची गरज नाही, "रजिस्टर्ड" हा एक शब्द मेसेजमध्ये असला की पुरतं.

दुसरी गोष्ट खर्चाची, कारण एजंट मोघम आकडा सांगतात. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, तेही मुदतीचं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. आमचं 22,000 गुणिले 11 म्हणजे 2,42,000. डिपॉझिटवरचं व्याज वर्षाचं 6,000. बेरीज 2,48,000, त्याचे 0.25 टक्के 620 रुपये. नोंदणी फी शहरात 1,000. वर ऑनलाइन दस्ताचं किरकोळ शुल्क आणि एजंटची घरी येऊन अंगठे घेण्याची मजुरी. आम्हाला एजंटने आधी 6,500 सांगितले. मी हा हिशेब पाठवला आणि "यातली तुमची फी किती?" एवढंच विचारलं, तर आकडा 4,000 वर आला.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरता येते, ती मालकाने भरायची असते. काकांना फॉर्म जमेना, तर मीच रविवारी दादरला जाऊन त्यांच्या फोनवर भरून दिला. आमचे फोटो आणि आधार आधीच पीडीएफ करून नेले होते म्हणून वीस मिनिटांत झालं.

शनिवार, रात्री

दुसऱ्या मेसेजवर तीन तास उत्तर नाही. मैत्रीण म्हणाली, फार वकिली झाली का? मीही घाबरले. एडिट करायची मुदत गेली होती, आणि डिलीट तर आता जन्मात करणार नाही.

साडेनऊला उत्तर आलं. त्यांनी माझाच मेसेज कोट करून खाली लिहिलं होतं:

"चाव्या दोन. तुम्ही दोघी आहात."